तीन दुमडलेले कोपरे

सरांचं कपाट उघडलं की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा, आणि मग मागून हळूच तपकिरीचा. सर जाऊन वर्ष होत आलं होतं. चेंबरची किल्ली हातात ठेवताना काकू, सरांच्या बायको, एवढंच म्हणाल्या होत्या, "फायली तुझ्या, खुर्ची तुझी. ती तपकिरीची डबी तेवढी मला आणून दे." तिने डबी नेऊन दिली. वास राहिला.

सरांच्या हाताखाली वकिलीत तिने पाच वर्षं काढली होती. मग लेक झाली, चौदा महिने घरी गेले, आणि परत आली तेव्हा सर नव्हते. कोर्टातले कारकून तिला अजून 'सरांची ताई' म्हणत. स्वतःची म्हणावी अशी ही तिची पहिलीच मोठी केस होती, आणि तीही खुनाची.

कपाटाच्या खालच्या खणात फायली बांधायच्या नाडीची दोन रिळं होती, एक पांढरं, एक लाल. पांढरं संपत आलेलं, लाल जवळजवळ तसंच. ती रिळं पाहिली की तिला तिचा इथला पहिला दिवस आठवायचा. सरांनी टेबलावर दोन जबाब टाकले होते. साक्षीदार एकच, घटना एकच.

"ह्या दोन्हींत फरक काय?"

"एक पोलिसांनी घेतलाय सर, एक मॅजिस्ट्रेटनी."

"ते पोस्टमनलाही वाचता येईल. फरक काय?"

तिने घडाघडा कलमं म्हणून दाखवली. सरांनी चिमूटभर तपकीर ओढली, शिंकले, आणि पांढरी नाडी उचलली.

"हा पोलिसांपुढचा. शपथ नाही, साक्षीदाराची सही नाही. घ्यायचीच नसते. ह्याने सांगितलं, अधिकाऱ्याने आपल्या भाषेत लिहिलं. उद्या पिंजऱ्यात हा म्हणणार, मी असं बोललोच नाही, साहेबांनी काय लिहिलं मला ठाऊक नाही. त्याला मागचं दार उघडं आहे. म्हणून ही नाडी, गाठ सैल." मग लाल उचलली. "हा मॅजिस्ट्रेटपुढचा. शपथ घातली, लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. ह्याला मागचं दार नाही."

"मग लाल जास्त खरा?"

"खरं-खोटं करायला आपण देव लागून गेलो का? पुरावा ह्यातला कुठलाच नाही. पुरावा म्हणजे साक्षीदार पिंजऱ्यात जे बोलतो ते. हे कागद त्याच्या बोलण्याशेजारी धरून बघायचे, इतकंच. आणि धरायची रीत वेगळी. सरकारी वकिलांना पांढरा कागद आधाराला घेता येत नाही. 'बघा, पोलिसांनाही हेच सांगितलं होतं' असं म्हणायची सोय नाही. तो सरकारी साक्षीदाराला खोडायलाच. आपण खोडायचा, त्यांचा साक्षीदार उलटला तर कोर्टाची परवानगी काढून त्यांनी. लाल मात्र दोन्हीकडून चालतो. त्यांना आधाराला, आपल्याला खोडायला. कळलं?"

"हो सर."

"नाही कळलं. कळेल."

आणि कळलं ते तिसऱ्या वर्षी, चांगली अद्दल घडून.

एका वेल्डरची केस होती. साक्षीदाराने पोलिसांना सांगितलं होतं, 'अंधारामुळे चेहरे दिसले नाहीत.' कोर्टात मात्र त्याने वेल्डरकडे बोट दाखवलं. सरांनी उलटतपासणीत ते वाक्य त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मी असं सांगितलंच नव्हतं. न्यायाधीशांनी वाक्याला कंस घातला, त्यावर 'अ' अशी खूण केली. इथपर्यंत सगळं ठीक. पण साक्षीदार नाही म्हणाला की काम अर्धंच होतं. उरलेलं अर्धं तपास अधिकाऱ्याकडून करून घ्यायचं असतं. तो पिंजऱ्यात आला की विचारायचं, हा 'अ' भाग साक्षीदाराने सांगितला तसाच तुम्ही लिहिलात का? तो हो म्हणाला की विसंगती शाबीत. नाही विचारलं, तर तो कंस नुसता कंस.

अधिकाऱ्याच्या दिवशी सर तापाने फणफणले होते. तिने एकटीने उलटतपासणी घेतली. पंचेचाळीस प्रश्न विचारले. तो एक विचारला नाही.

युक्तिवादाच्या वेळी न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "हा भाग अधिकाऱ्याकडून शाबीत कुठे झालाय, वकीलसाहेब?"

सरांनी अधिकाऱ्याला परत बोलावण्याचा अर्ज केला, चार शब्द ऐकून घेतले, अर्ज मंजूर करून घेतला. पण अधिकाऱ्याची लांब बदली झाली होती. एका तारखेला तो रजेवर, दुसऱ्या तारखेला बंदोबस्तात. आठ महिने गेले. मग तो आला, 'हो, त्याने सांगितलं तसंच लिहिलं' म्हणाला, आणि वेल्डर सुटला.

सुटला त्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाबाहेर तीही गेली होती. त्याची बायको मुलीला घेऊन उभी होती. बाप आत होता तेवढ्या अवधीत ती पोर चालायला लागली होती. बाप गुडघ्यांवर बसला, हात पसरले, तर पोर आईच्या मागे दडली. त्या आठ महिन्यांचा हिशोब तेव्हा तिला नीटसा कळला नव्हता. आता कळत होता. आता घरी दीड वर्षाची एक होती. मेली, आई तासाभराने दिसली तरी आधी संशयाने बघायची.

सर रागावले नव्हते. तेच जास्त लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर पानी वही आणली, मागची पानं तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "ही पानं अधिकाऱ्याची. साक्षीदाराकडून एक गोष्ट अर्धी राहिली की इथे एक पान, एक प्रश्न, आणि पानाचा कोपरा दुमडायचा. अधिकाऱ्याला तो प्रश्न विचारला की कोपरा सरळ करायचा. सगळे कोपरे सरळ झाल्याशिवाय 'आणखी प्रश्न नाहीत' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. मला ताप असो की तुला."

"सर, शाळेतल्यासारखं वाटतं."

"शाळेत चुकलं तर चुकणारं पोर अंगठे धरतं. इथे दुसऱ्याचं पोर धरतं."

*

तर ही केस छापखान्याची. जुना छापखाना, पायाने चालवायची दोन यंत्रं, बाकी सगळं हाताने. वर बाइंडिंग, खाली छपाईच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, पेट्या, मध्ये उभा लाकडी जिना. त्या जिन्यावरून फोरमन पडला आणि गेला. बाइंडरचं आणि त्याचं त्या सकाळी कडाक्याचं वाजलं होतं, आणि तो पडला तेव्हा बाइंडर वरच्या पायरीवर उभा होता. बाइंडर म्हणत होता, तो घसरला. पोलीस म्हणत होते, ह्याने ढकललं. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार एकच, खिळे जुळवणारे आजोबा. चाळीस वर्षं त्याच छापखान्यात उभे राहून पाय धनुष्यासारखे झालेले.

बाइंडर सोळा महिने आत होता. त्याची बायको प्रत्येक तारखेला बाकावर बसायची, मांडीवर पोर. एकदा ती म्हणाली होती, "ताई, तुम्हाला काय वाटतं, ह्यांनी केलं असेल?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? मी तिथे नव्हते."

तिला ते उत्तर आवडलं होतं. सरांना आवडलं असतं.

आजोबांचे दोन जबाब होते. पांढऱ्या नाडीतला, घटनेच्याच दिवशी संध्याकाळी पोलिसांनी घेतलेला: 'मी आतल्या खोलीत खिळे लावत होतो. धडधड आवाज ऐकून बाहेर आलो, तेव्हा फोरमन खाली पडलेले दिसले. बाइंडर वर उभा होता.' ढकलल्याचा एक शब्द नाही. लाल नाडीतला, बावीस दिवसांनी मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर दिलेला: 'मी मागच्या मोरीवर हात धूत होतो. आरडाओरडा ऐकून वळून पाहिलं तर बाइंडरने दोन्ही हातांनी ढकललं.'

आणि कोर्टात आजोबा म्हणाले, "मी जिन्याच्या तोंडाशीच होतो, साहेब. डोळ्यांनी पाहिलं. ह्याने दोन्ही हातांनी ढकललं."

सरकारी वकिलांनी लगेच लाल नाडीतला कागद पुढे केला. "मॅडम, ढकलल्याची गोष्ट साक्षीदाराने मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर सांगितलीय. हा भक्कम पुरावा..."

"पुरावा नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आधार म्हणून वाचा. शब्द जपून वापरा."

त्यांनी आधार म्हणून वाचला. आजोबांनी सही ओळखली.

मग ती उठली. पांढरा कागद हातात घेतला. त्याची पद्धत हातात मुरलेली होती. अख्खा जबाब तोंडावर फेकायचा नाही, नेमकं वाक्य वाचायचं आणि माणसाला बोलू द्यायचं.

"आजोबा, 'मी आतल्या खोलीत खिळे लावत होतो, आवाज ऐकून बाहेर आलो' असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?"

"नाही बाई. असं कसं सांगेन? मी जिन्याशीच होतो."

"मग त्यांनी हे का लिहिलं असेल?"

"त्यांनाच विचारा. माझी सही आहे का त्यावर?"

बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांचं मागचं दार हेच. न्यायाधीशबाईंनी वाक्याला कंस घातला, 'अ' खूण केली. तिने वहीच्या मागे पान उलटलं, प्रश्न लिहिला, कोपरा दुमडला. एक.

"बाइंडरने ढकलताना पाहिलं, हे तुम्ही त्या दिवशी पोलिसांना सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं की."

"जबाबात ते नाही."

"का नाही ते मला काय ठाऊक? माझ्या डोक्यात ते स्वच्छ आहे."

एवढी मोठी गोष्ट सांगायची राहणं म्हणजे तीसुद्धा विसंगतीच. पण तो म्हणतो सांगितली, कागद म्हणतो नाही, मध्ये अधिकारी. दुसरं पान, दुसरा कोपरा.

मग लाल कागद. आवाज आपोआप खाली आला, सरांचा यायचा तसा.

"आजोबा, ही सही तुमची. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वाचून दाखवलं होतं ना?"

"हो. मोठ्याने वाचलं होतं. मला कमी ऐकू येतं म्हणून."

"तुम्ही म्हणालात, 'मी मागच्या मोरीवर हात धूत होतो.' बरोबर लिहिलंय?"

 आजोबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. खिळे उलटे वाचायची सवय असलेला माणूस. सरळ अक्षर त्यांना जणू परकं वाटत होतं.

"लिहिलंय खरं," ते म्हणाले. "म्हणालो असेन."

"मोरीवर की जिन्याच्या तोंडाशी?"

"मोरी... मोरी तिथेच आहे बाई. जवळच."

मोरी जवळ होती की नाही, हे पोलिसांनी काढलेल्या जागेच्या नकाशात होतं. मोरी मागच्या भिंतीपलीकडे, मधे दार. पण नकाशा काढला अधिकाऱ्याने. तिसरं पान, तिसरा कोपरा.

बसायच्या आधी तिने आजोबांकडे पाहिलं. म्हातारा खोटारडा वाटत नव्हता. आधी फक्त आवाज असेल. मग मालकांनी विचारलं असेल, शेजाऱ्यांनी, चहावाल्याने, मग परत पोलिसांनी. प्रत्येक वेळी आजोबा एक पाऊल पुढे सरकत गेले असतील, आतल्या खोलीतून मोरीवर, मोरीवरून जिन्याशी. सांगता सांगता दिसायलाही लागलं असेल.

तिचं तरी काय वेगळं होतं? सर तपकीर ओढून शिंकले आणि मग लाल नाडी उचलली, की आधी नाडी उचलली? त्या दिवशी खरंच ते 'कळेल' म्हणाले होते, की हे तिने नंतर, ते गेल्यावर, त्यांच्या तोंडी घातलं? त्या दिवसाचा जबाब कुणी लिहून ठेवला नव्हता.

*

तपास अधिकारी दोन महिन्यांनी आला, आणि नेमका त्याच दिवशी लेकीला ताप भरला.

"शंभरच्या वर आहे का?" तिने सकाळी पाचव्यांदा विचारलं.

"शंभराला टेकलाय," सासूबाई म्हणाल्या. "दात येतायत गं. तू जा. मी तीन वाढवलीत, त्यातला एक तुझा नवरा आहे, तो जिवंत आहे ना?"

"तसं नाही आई. डॉक्टरांचा नंबर..."

"फ्रिजवर चिकटवलाय. फ्रिजच्या बाजूलाही चिकटवलाय. दाराच्या मागेही तूच चिकटवलायस. जा."

ती गेली. फोन आवाज बंद करून पर्समध्ये, पर्स मांडीशी. अधिकारी उंच, गोड बोलणारा, कोर्टांना सरावलेला. दुपारी अडीचला तिची पाळी आली.

पहिलं पान. "साक्षीदाराच्या जबाबातला हा 'अ' भाग, आतल्या खोलीत होतो, आवाज ऐकून बाहेर आलो. हा त्याने सांगितला तसाच तुम्ही लिहिलात?"

"हो. सांगितला तसाच."

कोपरा सरळ केला. तेवढ्यात पर्स थरथरली.

तिने तिसऱ्या पानावरचा नकाशा आधी घेतला, कारण तो टेबलावर उघडाच होता. मोरी भिंतीपलीकडे, मधलं दार; मोरीशी उभं राहिलं तर जिना दिसत नाही, हे अधिकाऱ्याने कुरकुरत मान्य केलं. कोपरा सरळ. पर्स पुन्हा थरथरली. मग तिसऱ्यांदा.

आई कधी तीनदा फोन करत नाहीत. एकदा करतात आणि मग शेजारणीला हाक मारतात. फेफरं. दवाखाना. तिच्या डोळ्यांपुढे फ्रिज आला, त्यावरचा नंबर आला, तो नंबर चुकीचा लिहिलाय असंही वाटून गेलं.  अधिकाऱ्याने 'अ' भाग मान्य केला होता, नकाशा मान्य केला होता. झालं की. तिने वही मिटायला घेतली.

"आणखी..." ती म्हणाली.

वही नीट मिटेना. मध्ये काहीतरी जाड अडकत होतं. बोटाला दुमडलेला कागद लागला.

"आणखी?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. "आणखी प्रश्न नाहीत, असं लिहायचं का?"

पर्स थरथरायची थांबली होती. ते जास्त वाईट होतं.

"आणखी एक प्रश्न आहे मॅडम," ती म्हणाली आणि पान उघडलं. "बाइंडरने फोरमनला ढकललं, ते मी पाहिलं, असं साक्षीदाराने त्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं का?"

अधिकाऱ्याने पहिल्यांदा सरकारी वकिलांकडे पाहिलं. "आम्ही जबाब थोडक्यात घेतो. सगळंच काही येत नाही."

"खुनाच्या तपासात, ढकललं हे, थोडक्यात राहून जातं?"

"म्हणजे तसं..."

"सरळ उत्तर द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "सांगितलं होतं की नव्हतं?"

त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "नव्हतं. त्या दिवशी त्याने तसं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी लिहिलंच असतं."

स्टेनोची बोटं खडखडली. तिने कोपरा अंगठ्याने दाबला, नखाने सरळ केला. "आणखी प्रश्न नाहीत."

बाहेरच्या व्हरांड्यात तिने फोन काढला.

"अगं, दात आला," सासूबाई म्हणाल्या. "खालचा. सापडला म्हणून फोन केला. मग म्हटलं तू घाबरशील, म्हणून नको घाबरूस हे सांगायला केला. मग तू उचलेनास, म्हणून मीच घाबरले."

ती खांबाला टेकून इतकं हसली की बाइंडरची बायको बाकावरून उठून आली.

"काय झालं ताई? वाईट?"

"नाही," ती म्हणाली. "दात आला."

*

निकालपत्र सत्तावीस पानांचं होतं. तिने एकोणिसावं पान तेवढं पुन्हा पुन्हा वाचलं. साक्षीदार घटनेच्या वेळी कुठे होता हे त्याने तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी सांगितलं. ढकलल्याचा उल्लेख त्याने पहिल्या दिवशी पोलिसांपुढे केला नव्हता, हे तपास अधिकाऱ्याच्या उत्तरातून शाबीत झालं आहे. मॅजिस्ट्रेटपुढच्या जबाबातली मोरीवरची जागा त्याच्याच सहीने त्याच्या कोर्टातल्या सांगण्याच्या विरुद्ध जाते. अशा एकट्या साक्षीवर शिक्षा देणं धोक्याचं. बाइंडर निर्दोष.

त्याने ढकललं होतं की नव्हतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं. निकालातही ते लिहिलेलं नव्हतं.

तुरुंगाच्या फाटकाबाहेर ती गेली. ह्या वेळी पोर दडली नाही, झोपली होती. बाइंडरने तिला झोपेतच उचललं आणि खांद्यावर टाकलं. पोरीने डोळे न उघडता तोंड त्याच्या मानेत खुपसलं. तिला बाप ओळखू आला की नुसता खांदा, कोण जाणे. त्याला तेवढं पुरलं.

संध्याकाळी ती चेंबरमध्ये आली. फाइल आवरायची होती. पांढरा जबाब पांढऱ्या नाडीत, लाल लाल नाडीत. पांढरी नाडी कापली तेव्हा रीळ संपलं. आत पुठ्ठ्याची नळी उरली. नळीवर सरांच्या अक्षरात, कधीतरी लिहिलेलं, 'संपत आली. नवी आणणे.'

हे त्यांनीच लिहिलं होतं. ह्यात शंका घ्यायला जागा नव्हती. तिने नळी खणात परत ठेवली, वहीतली ती तीन पानं एकदा बोटाने चाळली. कोपरे सरळ होते, पण घडी मोडली नव्हती. तिरकी रेघ तशीच राहिली होती तिन्ही पानांवर.

मग तिने पर्स उचलली. जाता जाता दुकानातून पांढरी नाडी घ्यायची होती, आणि घरी तो दात बघायचा होता.